ऑनलाइन दुकान विकायचं आहे, तर नफ्याच्या किती पट मागायचे? हळद-तिखटाच्या एका दुकानाचा पूर्ण हिशेब

संत्र्याच्या बागेत व्यापारी येतो, झाडांवरचा माल नजरेनं जोखतो आणि बहाराचा सौदा करून इसार देतो. तो फक्त एक बहार घेतो, झाडं शेतकऱ्याचीच राहतात. वेबसाइट किंवा ऑनलाइन दुकान विकताना मात्र झाडंच द्यावी लागतात. म्हणून घेणारा विचारतो, या झाडांना अजून किती वर्षं फळ धरेल, आणि त्यातल्या किती वर्षांचे पैसे मी आजच मोजू? या ‘किती वर्षांचे’ यालाच पट किंवा मल्टिपल म्हणतात. वार्षिक नफा गुणिले पट म्हणजे किंमत. गुणाकार शाळेतलं पोरगंही करेल. खरं काम नफ्याचा आकडा ठरवण्याचं आहे, आणि आपल्याकडचे सौदे तिथेच फसतात.

मी हिंगणघाटला हिशेब लिहायचं काम करतो. समुद्रपूर तालुक्यातल्या एका जोडप्याच्या दुकानाचं मोल काढून द्यायची वेळ आली, तेव्हाचा हिशेब इथे पायरीपायरीनं मांडतो. दुकान तीन वर्षांचं. वायगावची हळद, भिवापुरी मिरचीचं तिखट आणि घरी कुटलेले दोन-तीन मसाले. वूकॉमर्सवर बनवलेली स्वतःची वेबसाइट, फेसबुक-इन्स्टाग्रामवर जाहिराती, कुरिअरनं राज्यभर माल. मुलांच्या शिक्षणासाठी नागपूरला जायचं ठरलं, म्हणून विकायला काढलं. घेणारा वणीकडचा तरुण होता.

पहिल्याच बैठकीत भाऊ म्हणाले, “सालाले पंधरा-सोळा लाख सुटतेत जी. तीन पट धरा.” म्हणजे सत्तेचाळीस लाखांच्या आसपास. ते खोटं बोलत नव्हते. त्यांच्या मोबाइलवर वेबसाइटचा आकडा तसाच दिसत होता.

विक्री स्क्रीनवरची नको, बँकेत आलेली घ्या

आधी कोणते बारा महिने धरायचे ते ठरवा. आर्थिक वर्षाला चिकटून राहू नका, सौद्याच्या आधीचे सलग बारा महिने घ्या. आम्ही जून ते मे घेतले. पूर्ण वर्षच घ्यायचं, कारण या धंद्याला हंगाम आहे. मार्च ते मे या उन्हाळी कामांच्या दिवसांत घरोघरी वर्षाचं तिखट-हळद भरतात आणि ऑर्डरी दुप्पट होतात. त्या तीन महिन्यांना चारनं गुणून वर्षाचा नफा सांगणारा विक्रेता भेटला, तर त्याला पावसाळ्याचे आकडे मागा.

या बारा महिन्यांत वेबसाइटवर ६,४०० ऑर्डरी होत्या. जीएसटी वगळून सरासरी ऑर्डर ६५० रुपयांची, म्हणजे ४१.६० लाखांची विक्री. वहीतला खर्च २५.८० लाख. वजाबाकी केली की १५.८० लाख उरतात. भाऊंचा आकडा असा आला होता.

त्यातल्या १,२०० ऑर्डरी मात्र परत आलेल्या होत्या. माल पोचल्यावर पैसे देण्याच्या पद्धतीत गिऱ्हाईक दार उघडत नाही, फोन उचलत नाही, आणि पाकीट आठ-दहा दिवसांनी परत येतं. वूकॉमर्समध्ये अशी ऑर्डर आपोआप `Processing` मध्ये जाते. भाऊ पाकीट कुरिअरवाल्याच्या हातात देताच तिला `Completed` करून टाकत. परत आलेली ऑर्डर पुन्हा उघडून `Cancelled` करायला कोणी बसत नसे. म्हणून न आलेला पैसाही विक्रीत मोजला जात राहिला.

हे ओळखायचं कसं? कोणतेही तीन महिने उचला, त्यात एक हंगामाचा आणि एक मंदीचा असू द्या. प्रत्येक महिन्यासाठी चार कागद शेजारी ठेवा: पेमेंट गेटवेचा जमा-अहवाल, कुरिअर कंपनीनं वसूल करून पाठवलेल्या रोख रकमेचा अहवाल, बँकेचं विवरण आणि जीएसटीआर-३बी. पहिल्या दोघांची बेरीज, त्यांचं शुल्क धरून, बँकेतल्या जमेशी जुळली पाहिजे. कुरिअरचा पैसा काही दिवस मागाहून येतो, तेवढं पुढेमागे होईल. बँकेतल्या आकड्यात जीएसटीही असतो, तो काढून तुलना करा, कारण तो पैसा दुकानाचा नाही, सरकारचा आहे. कागद जुळत नसतील तर पुढची पायरी चढू नका. आणि स्क्रीनशॉट घेऊ नका. विक्रेत्यासमोर बसून त्याच्याच लॉगिनमधून अहवाल उतरवून घ्या.

पोचलेल्या ऑर्डरी निघाल्या ५,२०० आणि खरी विक्री ३३.८० लाख. खर्च २५.८० लाख वजा केल्यावर वहीतला नफा आठ लाख राहिला. सोळाचे आठ झाले आणि भाऊंचा चेहरा उतरला. तरी वही अजून पुरी व्हायची होती.

घरचं फुकट नसतं

छोट्या दुकानाचं मोल काढताना मालकाच्या हातात पडणारा नफा धरतात. एक माणूस मालक म्हणून स्वतः दुकान चालवेल, तर वर्षाअखेर त्याच्यासाठी किती उरेल, असा तो आकडा. तो काढण्यासाठी वहीतल्या नफ्यात काही रकमा परत मिळवायच्या आणि काही वजा करायच्या. मिळवायच्या रकमा विक्रेत्याला लगेच आठवतात. वजा करायच्या आपणच विचाराव्या लागतात.

मिळवायचं काय? नव्या मालकाला करावा लागणार नाही असा खर्च. वहीत ५०,००० रुपयांचं पेट्रोल होतं, ते नागपूरला मुलांकडे जाण्याचं. ते मिळवलं. कॉम्प्युटर आणि लेबल छापायचं मशीन ६०,००० रुपयांचं, त्याच वर्षी घेतलेलं. भाऊंचं म्हणणं होतं की पूर्ण मिळवा, ते काही दरसाल घेत नाही. पण यंत्र झिजतंच. चार वर्षं टिकेल असं धरून १५,००० त्या वर्षाचा खर्च म्हणून ठेवले आणि ४५,००० मिळवले. मालकानं पगार घेतला असता तर तोही मिळवला असता. भाऊंनी कधी घेतलाच नव्हता. नफा झाला ८.९५ लाख.

आता वजाबाकी. गावाकडच्या दुकानात मला हीच पायरी सर्वांत महत्त्वाची वाटते. शहरातल्या दुकानांसाठी लिहिलेल्या हिशेबात ती सहसा येतच नाही.

वहीतल्या खरेदीत मिरची होती, मसाल्याचा माल होता, हळद मात्र फारच थोडी. मी विचारलं तर उत्तर आलं, “घरच्या वावरातली हाय. तिचे काय पैशे लावाचे?” बारा महिन्यांत घरची १,२०० किलो वाळलेली हळद दुकानात गेली होती. ती बाजारात नेली असती तर पैसे आलेच असते. आम्ही किलोला १३० रुपये धरले आणि १.५६ लाख वजा केले. हा नफा वावराचा आहे, दुकानाचा नाही. वावर काही विकायला काढलेलं नाही.

माल ठेवायला गुरांचा जुना कोठा सारवून, पत्रे बदलून वापरला होता. भाडं शून्य. नव्या माणसाला जागा लागेलच. गावातल्या दरानं महिन्याचे ३,०००, वर्षाचे ३६,००० वजा.

मग मी वहिनींना विचारलं, “तुम्ही दिवसाचे किती तास बसता?” त्या म्हणाल्या, “मी तं घरीच रायते.” पण पाकिटांवरचे पत्ते त्या तपासत, गिऱ्हाइकांच्या फोनला त्या उत्तर देत, मसाल्याचं प्रमाण त्यांच्या हातात. रोजचे पाच-सहा तास. भाऊ वेगळे राबत होते ते राबतच होते. आपला आकडा एका मालकाच्या कष्टावर बेतलेला आहे, म्हणून दुसऱ्या माणसाची मजुरी खर्चात धरायलाच हवी. महिन्याचे ९,००० धरले, वर्षाचे १.०८ लाख. वहिनींच्या कामाला कागदावर पैसा लागला तो तेव्हा पहिल्यांदा. बाईचं काम हिशेबात येत नाही तोवर दुकान आहे त्याहून नफ्याचं दिसतं, आणि घेणारा फसतो.

हिशेब असा झाला:

```
वहीतला नफा                    8,00,000
+ खाजगी पेट्रोल                   50,000
+ यंत्रांचा एकदाचा खर्च             45,000
- घरची हळद, बाजारभावाने        1,56,000
- कोठ्याचं भाडं                   36,000
- दुसऱ्या माणसाची मजुरी        1,08,000
= मालकाच्या हातचा नफा         5,95,000
```

याच पद्धतीनं आदल्या वर्षाचाही नफा काढा. इथे तो ५.६० लाख निघाला, म्हणजे दुकान जवळपास स्थिर. आदल्या वर्षी नफा आतापेक्षा बराच जास्त असता, तर ५.९५ लाखांवरही विसंबता आलं नसतं. घसरणीचं कारण सापडेपर्यंत शेवटच्या सहा महिन्यांची तुलना आदल्या वर्षीच्या त्याच सहा महिन्यांशी करावी लागली असती.

पट कुठून आणायचा

एका माणसानं चालवायच्या छोट्या, नफ्यातल्या वेबसाइट साधारण दोन ते साडेतीन वर्षांच्या नफ्याला विकल्या जातात. दलाल बहुतेकदा महिन्याच्या नफ्यावर बोलतात. त्यांचा ‘तीस पट’ म्हणजे अडीच वर्षांचा नफा. हा घोळ आधी मिटवून घ्या. कोणी तीस म्हणालं की महिन्याचे की वर्षाचे, हे विचाराच.

पट इतका लहान का, असं विक्रेत्याला वाटतं. बँकेतली ठेव मोडली की मुद्दल परत मिळते. दुकानाचं मुद्दल मात्र रोजच्या ऑर्डरीतच असतं. जाहिरातीचं खातं बंद पडलं किंवा गिऱ्हाईक तुटलं, तर पैसे परत मागायला कोणी नसतं. शिवाय त्या ५.९५ लाखांत नव्या मालकाचे स्वतःचे कष्टही मोडतात.

आम्ही अडीचपासून सुरुवात केली आणि मग दोन गोष्टी खोलात पाहिल्या.

पहिली, गिऱ्हाईक पुन्हा येतं का. जाहिरात बघून एकदाच घेणारं गिऱ्हाईक दरवेळी विकत आणावं लागतं. सुरुवातीपासूनच्या सगळ्या पोचलेल्या ऑर्डरींची यादी एक्सेलमध्ये उतरवून तारखेनुसार लावा, सर्वांत जुनी ऑर्डर वर. ईमेलवर भरवसा ठेवू नका, लोक दरवेळी वेगळा टाकतात. मोबाइल नंबर मात्र खरा असतो, कारण त्यावर कुरिअरवाला फोन करतो. नंबर A रकान्यात असेल तर B आणि C मध्ये ही सूत्रं टाका:

```
=RIGHT(SUBSTITUTE(A2," ",""),10)
=COUNTIF(B$2:B2,B2)
```

पहिल्या सूत्रानं +९१ आणि मोकळ्या जागा गळून शेवटचे दहा आकडे उरतात. दुसरं सूत्र सांगतं की त्या नंबरची ही कितवी ऑर्डर. २ किंवा त्याहून मोठा आकडा म्हणजे परतलेलं गिऱ्हाईक. मग मागच्या बारा महिन्यांतल्या अशा ओळी मोजा. इथे ५,२०० पैकी २,३०० निघाल्या, म्हणजे शंभरात चव्वेचाळीस. याची साक्ष दुसरीकडूनही मिळाली. ऑगस्टमध्ये कार्डाची मुदत संपल्यानं जाहिराती अकरा दिवस बंद होत्या. रोजच्या चौदा ऑर्डरी त्या दिवसांत सहा-सातवर आल्या, पण शून्यावर गेल्या नाहीत. हे दुकानाचं खरं बळ. यासाठी पट पावणेतीनपर्यंत नेता आला असता.

दुसरी गोष्ट त्याच्या उलट बाजूची. ही परतणारी गिऱ्हाइकं कोणाकडे परत येत होती? दुकानाचा व्हॉट्सअ‍ॅप नंबर म्हणजे वहिनींचा स्वतःचा नंबर. तिखट जाळ आहे की मध्यम, लोणच्याला किती घालायचं, हे त्या बोलून संदेश पाठवून सांगत. इन्स्टाग्रामवरच्या व्हिडिओंतही त्याच. दुकान विकलं तरी वहिनी विकल्या जात नाहीत.

ही भीती आकड्यात मांडून पाहा, नुसती बोलून नाही. एका पोचलेल्या ऑर्डरीमागे माल, पुड्या, कुरिअर आणि पैसे वसुलीचं शुल्क मिळून ३४९ रुपये जात होते. परतणाऱ्या गिऱ्हाइकावर जाहिरातीचा खर्च नाही, म्हणून तिथे ३०१ रुपये सुटत होते. अशा १,०४० ऑर्डरी तुटल्या, म्हणजे एकूण विक्रीत एक पंचमांश घट झाली, तर नफ्यातून ३.१३ लाख जातात. ५.९५ चे २.८२ लाख उरतात. विक्री वीस टक्क्यांनी घटली की नफा निम्म्याहून खाली येतो. या एका कारणानं आम्ही पावणेतीनमधून अर्धा पट उतरवला आणि सव्वादोनवर थांबलो.

विक्रेत्यानं आधी तयारी केली असती, तर हा अर्धा पट बऱ्याच अंशी वाचला असता. विकायच्या सहा महिने आधी दुकानाच्या नावानं वेगळा नंबर घ्यायचा, सगळ्या पाकिटांवर तोच छापायचा, नेहमीच्या प्रश्नांची उत्तरं आणि मसाल्याचं प्रमाण लिहून ठेवायचं, व्हिडिओत माणसापेक्षा माल आणि वावर दाखवायचं. अर्धा पट म्हणजे इथे जवळपास तीन लाख रुपये.

हळदीचंही पाहिलं. वायगावच्या हळदीला भौगोलिक मानांकन आहे. म्हणून दुकानाच्या नावात आणि पुडीवर वायगाव लिहायचं तर माल खरोखर त्या भागातलाच हवा. भाऊंनी तीन वर्षं बाजारभावानं हळद द्यायचं लिहून दिलं, त्यामुळे पट आणखी उतरला नाही. भिवापुरी मिरचीसाठी घेणाऱ्यानं त्या भागातल्या शेतकऱ्यांशी स्वतः बोलून घेतलं.

किंमत, आणि ती परवडते का ते

५.९५ लाख गुणिले २.२५ म्हणजे सुमारे १३.४० लाख. आता घेणाऱ्याच्या बाजूनं उलटा हिशेब करा. त्याचे रोजचे पाच तास जाणार. तेवढ्या कामाला दुसरीकडे महिन्याचे १२,००० मिळाले असते, म्हणजे वर्षाचे १.४४ लाख. ते वजा जाता दुकानानं पैशावर दिलेला परतावा ४.५१ लाख. १३.४० लाख फिटायला तीन वर्षं लागतात. माझ्या मते एवढ्या धोक्याच्या धंद्यात तीन वर्षं ही घेणाऱ्यानं मान्य करायची शेवटची हद्द. उत्तर पाच वर्षं आलं असतं, तर पट कितीही नेहमीचा असो, मी त्याला थांबवलं असतं.

गोदामातला माल या किमतीत धरत नाहीत, तो वेगळा मोजतात. हस्तांतराच्या दिवशी पुड्या मोजायच्या, खरेदीच्या भावानं पैसे द्यायचे, विक्रीच्या भावानं नाही. तिखटाचा रंग उतरतो, म्हणून चार महिन्यांपेक्षा जुनं तिखट फुकट धरलं. मोजलेला माल १.७० लाखांचा निघाला. कुरिअरकडे अडकलेली जुनी वसुली भाऊंची. पैसे आले पण माल गेला नाही अशा ऑर्डरींची रक्कम घेणाऱ्याची, कारण पाकीट तोच पाठवणार.

भीती पूर्णपणे पटात घालण्यापेक्षा तिचा काही भाग हप्त्यांत घालता येतो. इसार एक लाख. डोमेन, वेबसाइट, पेज आणि जाहिरातीचं खातं हातात आल्यावर ७.४० लाख. उरलेले पाच लाख दोन हप्त्यांत: अडीच लाख तीन महिन्यांनी, तोवर वहिनींनी नव्या माणसाला सोबत घेऊन फोन सांभाळायचे. शेवटचे अडीच लाख वर्ष संपल्यावर, परतलेल्या गिऱ्हाइकांच्या ऑर्डरी १,८०० च्या वर राहिल्या तर पूर्ण, कमी झाल्या तर त्याच प्रमाणात कमी. ही मोजणी त्याच सूत्रानं करायची, असं करारात लिहिलं, म्हणजे नंतर वाद नको.

काही गोष्टी नावावर करून मिळत नाहीत, त्यांचे दिवस आधीच धरून ठेवा. भाऊंचं दुकान एकट्या मालकाचं होतं. त्यांची जीएसटी नोंदणी त्यांच्या पॅनला जोडलेली, म्हणून घेणाऱ्याला स्वतःची काढावी लागते. अन्न परवाना आणि पेमेंट गेटवेचं खातंही त्याच्याच नावानं नवं. हे सगळं चालू झाल्याशिवाय हस्तांतराची तारीख ठरवू नका, नाहीतर मधले पंधरा दिवस दुकान बंद राहतं आणि ते गिऱ्हाइकाला कळतं. चालू धंदा एकरकमी विकताना भांडवली नफ्याचा कर आणि जीएसटीचे नियम वेगळे लागू होतात, म्हणून करारावर सही करण्याआधी मसुदा सीएला दाखवा. आम्ही तो इसार देण्याच्याही आधी दाखवला होता. हस्तांतर सप्टेंबरमध्ये ठेवलं, म्हणजे नव्या माणसाचा हात मंदीच्या दिवसांत बसेल आणि मार्चची गर्दी येईपर्यंत त्याला सहा महिने मिळतील.